चाकाचा वरचा बिंदू दुप्पट वेगाने का धावतो?

रस्त्याच्या कडेला कॅमेरा स्थिर धरून समोरून जाणाऱ्या सायकलचा फोटो काढला, तर चाकात एक गंमत दिसते. जमिनीजवळच्या आऱ्या जवळजवळ एकेक मोजता येतात आणि वरच्या आऱ्या मात्र फरकटून धूसर झालेल्या असतात. चाक तर अख्खं एकाच गतीने फिरतंय, मग खालचा भाग स्पष्ट आणि वरचा अस्पष्ट कसा?

याचं कारण असं, की ‘फिरतंय’ हे आपण आसाच्या नजरेतून म्हणतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने चाक आसाभोवती फिरतं आणि टायरवरच्या प्रत्येक बिंदूची चाल सारखी असते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने खुद्द आसच पुढे पळतो आहे. त्याच्या नजरेने पाहिलं तर चाकाचा स्थिर असलेला बिंदू दुसराच आहे: टायर जमिनीला जिथे टेकतो, तो.

हे पटायला जरा जड जातं. त्यासाठी षट्कोनी पेन्सिल टेबलावर हळूहळू ढकलून पाहा. ती गडगडते म्हणजे काय करते? टेकलेल्या एका कडेभोवती कलते, पुढची बाजू टेबलावर आपटते, मग त्यापुढच्या कडेभोवती कलते. प्रत्येक वेळी टेकलेली कड जागची हलत नाही आणि बाकीची पेन्सिल तिच्याभोवती वळते. आता कडा सहाऐवजी साठ, सहाशे, सहा हजार करा. पेन्सिल गोल होत जाते, आपटणं नाहीसं होतं, पण टेकलेल्या जागेभोवती वळणं कायम राहतं. फक्त ती जागा क्षणाक्षणाला बदलते. १६३८ मध्ये रने देकार्त यांनी चाकावरच्या बिंदूच्या मार्गाला स्पर्शिका काढण्यासाठी हाच बहुभुजाचा युक्तिवाद वापरला होता. टेकलेल्या बिंदूतून जाणाऱ्या, आसाला समांतर अशा या रेषेला परिवलनाचा क्षणिक अक्ष म्हणतात.

एकदा हा अक्ष सापडला की वेग काढण्यासाठी फक्त अंतर मोजावं लागतं. बिंदूचा वेग म्हणजे क्षणिक अक्षापासूनचं त्याचं अंतर गुणिले कोनीय वेग, आणि दिशा त्या अंतराच्या रेषेला काटकोनात.

सायकलचं चाक ७० सेंटिमीटर व्यासाचं आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, असं धरू. आस जमिनीपासून ०.३५ मीटरवर आहे आणि त्याचा वेग ५ मीटर. म्हणून कोनीय वेग ५ भागिले ०.३५, सुमारे १४.३ रेडियन प्रतिसेकंद. सगळ्यात वरचा बिंदू जमिनीपासून ०.७ मीटरवर, म्हणजे दुप्पट अंतरावर. त्याचा वेग सेकंदाला १० मीटर, सरळ पुढे. आसाच्या उंचीवर, चाकाच्या अगदी पुढच्या टोकाला असलेला बिंदू घ्या. टेकलेल्या बिंदूपासून त्याचं अंतर ०.३५ गुणिले √२, सुमारे ०.४९५ मीटर, म्हणून वेग साधारण ७.०७ मीटर. त्याची दिशा पुढे आणि खाली, ४५ अंशांत. मागच्या टोकाचा वेगही तितकाच, पण पुढे आणि वर.

दिशा काढायची युक्ती तर मला वेगाच्या आकड्यांहून जास्त आवडते. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे शाळेत शिकलेलं प्रमेय इथे उपयोगी पडतं. टेकलेला बिंदू आणि सर्वांत वरचा बिंदू ही व्यासाची दोन टोकं. त्यामुळे परिघावरचा कुठलाही बिंदू घ्या, त्याच्या वेगाची रेषा चाकाच्या माथ्यातूनच जाते. मागचे बिंदू माथ्याकडे झेपावत असतात आणि पुढचे माथ्यापासून दूर, खाली उतरत असतात.

आता फोटोचा हिशेब लागतो. शटर एक शतांश सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात माथ्याचा बिंदू सुमारे १० सेंटिमीटर सरकतो. टेकलेल्या बिंदूची त्याच वेळातली एकूण हालचाल फार तर साडेतीन-चार मिलिमीटर असते.

माथ्याच्या दुप्पट वेगावर विश्वास बसत नसेल तर पोकलेन चालताना बघा. तिच्या साखळीची जमिनीवरची बाजू नुसती पडून असते, तसूभरही सरकत नाही. मशीन एक मीटर पुढे जातं तेव्हा साखळीची वरची बाजू दोन मीटर पुढे गेलेली असते. जमिनीवर लोखंडी पाइप टाकून त्यांवरून अवजड यंत्र सरकवणारे कामगारही हाच हिशेब हातांनी करतात. यंत्र पाइपांच्या माथ्यावर असतं, म्हणून ते पाइपांच्या दुप्पट पुढे जातं आणि मागे सुटलेला पाइप उचलून सारखा पुढे आणून टाकावा लागतो.

अक्षाच्या खालीही चाकाचा भाग असला तर काय होईल? सायकलमध्ये तसं होत नाही, रेल्वेत मात्र होतं. आपल्याकडच्या रेल्वे डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो, आणि रुळावरून घसरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूची कड सुमारे २८.५ मिलिमीटर रुळाच्या माथ्याच्या खाली उतरलेली असते. क्षणिक अक्ष रुळाच्या माथ्यावर असल्यामुळे कडेचं खालचं टोक अक्षाच्या पलीकडे पडतं, म्हणून त्याची दिशा उलटी. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल तर त्या टोकाचा वेग १०० गुणिले २८.५ भागिले ४५७.५, म्हणजे ताशी साधारण ६.२ किलोमीटर, तोही मागच्या दिशेला. त्याच वेळी कडेचं वरचं टोक ताशी २०६ किलोमीटरने पुढे जात असतं. मुंबईहून सुटलेल्या गाडीत पुण्याच्या दिशेने जाणारे प्रवासी बसलेले असतात, आणि त्यांच्या पायांखाली प्रत्येक चाकाचा एक छोटासा भाग त्या क्षणी मुंबईकडे निघालेला असतो.

हे सगळं चाक न घसरता गडगडत असेल तरच खरं. घसरलं की क्षणिक अक्ष जागा सोडतो. तो आसाच्या खाली किती अंतरावर आहे, हे आसाचा वेग भागिले कोनीय वेग यातून निघतं. समजा, आपली सायकल चिखलात अडकली आणि मागचं चाक पूर्वीइतकंच गरगरतंय, पण सायकल सेकंदाला अडीच मीटरनेच पुढे सरकतेय. मग अक्ष आसाखाली १७.५ सेंटिमीटरवर, आस आणि जमीन यांच्या बरोबर मध्ये येतो. टायरचा तळ सेकंदाला अडीच मीटरने मागे घासतो, चिखल मागे उडवतो, आणि माथ्याचा वेग साडेसात मीटर होतो. करकचून ब्रेक लावल्यावर याच्या उलट घडतं. चाक मंदावतं, सायकल पुढे ओढली जाते आणि अक्ष जमिनीखाली उतरतो. चाक पूर्ण जाम झालं तर अक्ष अनंत दूर गेला म्हणायचं: चाक फिरतच नाही, त्याचे सगळे बिंदू सारख्याच वेगाने घसरत असतात.

परीक्षेत हमखास होणारी एक चूक मात्र सांगायला हवी. टेकलेल्या बिंदूचा वेग शून्य असतो, त्वरण नव्हे. आपल्या सायकलवर त्या बिंदूचं त्वरण ५ चा वर्ग भागिले ०.३५, म्हणजे सुमारे ७१ मीटर प्रतिसेकंद वर्ग, गुरुत्वीय त्वरणाच्या सातपटीहून जास्त, आणि दिशा सरळ वर आसाकडे. म्हणूनच तो बिंदू क्षणभर थांबतो आणि लगेच उचलला जातो. माथ्याचं त्वरण काढताना क्षणिक अक्षापासूनचं ०.७ मीटर अंतर वापरलं तर उत्तर १४३ च्या आसपास येतं, खऱ्याच्या दुप्पट. सायकल एकसमान वेगाने जात असल्यामुळे तिथेही त्वरण ७१ च आहे, फक्त दिशा खाली. क्षणिक अक्षावरून वेग विचारावा. त्वरणासाठी पुन्हा आसाकडेच जावं लागतं.