गोकर्णची पाटी

गेल्या महिन्यात सावंतवाडीहून कारवारला गेलो, पुढे गोकर्णला जायचं होतं. स्टँडवर एका बसची पाटी नुसती कानडीत. शेजारचे एक काका म्हणाले, "जिलेबीच ती, आपल्याला कुठली कळायला!" आपल्याकडे सगळे असंच म्हणतात आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण ती जिलेबी आपल्याच लिपीची सख्खी बहीण आहे, दोघींची आई ब्राह्मी.

ब्राह्मीतला ग म्हणजे उलटा व्ही, घराच्या छपरासारखा. कानडीने तो जवळजवळ तसाच ठेवलाय, फक्त कमान गोल झाली आणि डोक्यावर एक टिक आली. तिला तलकट्टू म्हणतात, आपल्या शिरोरेघेच्या जागी ती समजा. आपल्या ग ला मात्र बाजूला दंड आला म्हणून तो ओळखू येत नाही. क ब्राह्मीत चक्क अधिकचं चिन्ह होता, त्यातली आडवी रेघ कानडी क मध्ये अजून दिसते, खाली उभ्या रेघेचं गोल पोट झालंय.

आता पाटी वाचू. पहिला ग, त्याची टिक जाऊन तिथे मात्रा बसलीय आणि उजवीकडे हुकासारखी एक खूण, कारण कानडीत ओ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन असतात, हा दीर्घ. झाला गो. मग क. मग ण. आणि ण च्या नंतर एक चिन्ह जे कानडी नऊसारखं दिसतं, इथेच मी अडकलो, मला वाटलं बसचा नंबर असेल! तो रफार निघाला, अर्कावत्तू. म्हणजे बघा, आपण पण र्ण लिहिताना आधी ण काढतो आणि रफार शेवटी देतो, बोलताना मात्र र आधी. कानडीतही तेच, फक्त आपला रफार डोक्यावर चढतो, त्यांचा उजवीकडे बसतो. गो-क-र्ण.

असाच धोका अंकोल्याच्या पाटीवर. अनुस्वार वर टिंब म्हणून येत नाही, अ च्या पुढे ओळीतच गोल शून्य म्हणून येतो. र पण गोलच असतो, पण र ला डोक्यावर टिक असते, अनुस्वाराला नसते. एवढं बघितलं की गोंधळ होत नाही.

अमुक लिपी जगात सगळ्यात शास्त्रीय असं युनेस्कोने जाहीर केलं असले फॉरवर्ड फिरतात, कानडीबद्दलही आणि देवनागरीबद्दलही, ते सरळ खोटे आहेत, युनेस्को असले नंबर लावत नाही. खरी गोष्ट त्यापेक्षा भारी आहे: कानडी आणि तेलुगू लिपी ज्या कदंब लिपीतून आल्या त्या कदंबांची राजधानी बनवासी, ती याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसीजवळ.

म आणि व मात्र मला अजून फसवतात. म ला उजवीकडे एक जास्तीचा वळसा असतो तेवढाच फरक, आणि चालत्या बसवर तो दिसत नाही, त्यामुळे कुमटा वाचताना मी अजून मधल्या अक्षरावर थांबतो.