डाउनलोड झालं, पण ऐकलं का?

‘तुमची जाहिरात दहा हजार लोक ऐकतील,’ असं पॉडकास्टची जाहिरात विकणारा सांगतो, तेव्हा नागपूरच्या दुकानदाराने एवढंच विचारावं: ऐकतील, की डाउनलोड करतील?

पॉडकास्टचा भाग म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली ध्वनिफाइल. ॲपने मागितली की सर्व्हर पाठवतो, आणि नोंद होते ती या पाठवण्याची. या धंद्यातल्या मोजणीचे नियम ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेनुसार निदान एक मिनिटाचा आवाज पोचला तरच डाउनलोड धरतात. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाला एक मिनिट म्हणजे जेमतेम एक एमबी. त्याच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या त्याच क्रमांकावरून, आणि त्याच ॲप-फोनच्या ओळखीने २४ तासांत पुन्हा मागणी आली, तर ती मोजत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या तासाची फाइल तीसेक एमबीची. चांगल्या नेटवर ती काही सेकंदांत उतरते. पंधराव्या मिनिटाची जाहिरातही तिच्यासोबत उतरली आणि ‘पोचली’ म्हणून मोजली गेली. ऐकणारा पाचव्या मिनिटाला झोपला, तरी सर्व्हरला पत्ता नाही. गाण्यांच्या ॲपवरच्या जाहिरातीचं तसं नसतं. ती ॲप स्वतः वाजवतं, त्यामुळे पाव, अर्धी की पूर्ण वाजली हे त्याला कळतं. फोन खिशात होता की कानाशी, हे मात्र त्यालाही कळत नाही.

आता आयपीची अडचण. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. धरमपेठेतल्या दोघांचा फोन आणि ॲप सारखंच असेल, तर दोघे मिळून एक श्रोता ठरू शकतात. उलट, घरच्या वायफायवर आणि मग मोबाइल डेटावर ऐकणारा एकटाच दोनदा मोजला जातो. मोबाइल कंपनीचा तो पत्ता मुंबईचा म्हणून नोंदलेला असला, तर नागपूरकर मुंबईकर ठरतो. म्हणून ‘फक्त नागपुरात ऐकवू’ हे आश्वासन वायफायवर बरंचसं खरं, मोबाइलवर कच्चं.

त्यामुळे सीताबर्डीतल्या चपलांच्या दुकानाने रविवारच्या सेलसाठी इथे पैसे घालू नयेत. संत्रा बर्फी कुरिअरने राज्यभर पाठवणाऱ्याचं गणित वेगळं, कारण मुंबईकरही त्याचं गिऱ्हाईकच. समजा, जाहिरातीला २०,००० रुपये लागले आणि डब्यामागे १५० रुपये सुटतात. म्हणजे १३४ डबे खपले की खर्च निघाला. दहा हजार डाउनलोडमागे सव्वा टक्क्याहून थोडं जास्त. नव्या श्रोत्यांकडून पहिल्याच खेपेला एवढं मिळणं अवघडच. पण तेच गिऱ्हाईक दिवाळीला आणि राखीला परत येत असेल, तर हिशेब बसू शकतो.

मोजायला त्या पॉडकास्टपुरता वेगळा सवलत कोड द्यावा. कोड विसरून थेट नाव शोधत येणारेही असतात, म्हणून ऑर्डरच्या पानावर ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?’ हा रकाना ठेवावा. आणि कोड कूपनच्या वेबसाइटवर पसरला, तर पॉडकास्ट कधीच न ऐकलेल्यांच्या ऑर्डरीही त्याच खात्यात पडतात. जाहिरात थांबून महिने झाले तरी कोड जोरात चालू दिसला, की समजावं.