‘वाट’ आणि ‘ताट’ एका घरात का राहत नाहीत

कविता रचायला बसलेल्या मुलांना ‘वाट’शी जुळणारे शब्द विचारले की लगेच ताट, पाट, खाट, लाट, घाट असं सगळं कुटुंब गोळा होतं. मग मी सांगते, आता प्रत्येकाला ‘वर’ जोडा. वाटेवर, खाटेवर, लाटेवर. ताटावर, पाटावर, घाटावर. कुटुंब दोन घरांत विभागलं! इथे वाट, खाट, लाट स्त्रीलिंगी आहेत, बाकीचे तिघे नाहीत. लिंग बदललं की सामान्यरूप बदलतं आणि जुळलेलं यमक मोडतं. म्हणून शब्दांची यादी करताना सुट्या शब्दांवर थांबू नये, ओळीत जे रूप येणार तेच लिहावं. आणखी एक पाहावं: ‘गाडी’ला ‘माडी’ छान जुळते, पण ‘होडी’शी तिचा फक्त ‘डी’ जुळतो. शेवटच्या अक्षराआधीचा स्वरही जुळला, तर कानाला यमक भरल्यासारखं वाटतं.

आता ओळीचा ताल मोजायच्या टाळ्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. दर चार मात्रांच्या सुरुवातीला एक टाळी, ओळीत चार टाळ्या, म्हणजे सोळा मात्रा. छंदशास्त्रात या चालीला पादाकुलक म्हणतात. मुलांना हे नाव सांगायची घाई नको.

एका मुलीने लिहिलं, ‘मनी बसली पाटावरती’. टाळ्या वाजवताना ती ‘मनीऽ’ असं ओढू लागली. आवाज असा ताणावा लागला की ओळीत मात्रा कमी आहे, आणि शब्द घाईने कोंबावे लागले की जास्त आहे. ‘मनी’च्या तीन आणि ‘बसली’च्या चार, एकूण सात, हवे होते आठ. तिने मनीचं मांजर केलं, मग ‘बसली’चं ‘बसले’ आपोआप झालं:

मांजर बसले पाटावरती
डोळे त्याचे ताटावरती

मां-ज-र, ब-स-ले, पा-टा, व-र-ती: प्रत्येक टाळीत चार मात्रा. आपण बोलताना ‘मांजर्’ म्हणतो, ‘र’मधला ‘अ’ गिळतो. तरी हिशेब बिघडत नाही, कारण ‘ज’ आणि ‘र’ यांच्या दोन मात्रा ‘जर्’ या एका बंद उच्चारात तशाच राहतात. कान आणि वही इथे एकमत असतात, ही मला मराठीची फार मोठी सोय वाटते.

जोडाक्षराशी मात्र मुलं अडखळतात. ‘पत्ता’मधल्या ‘प’वर आघात येतो, त्याच्या दोन मात्रा. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर येत नाही, त्याची एकच. तेव्हा पुस्तकातल्या नियमाऐवजी मुलाला शब्द मोठ्याने म्हणू द्यावा. आघात त्यालाच ऐकू येतो. ‘पाऊस’ पाच मात्रांचा आहे, टाळीत मावत नाही. कवितेत तो ‘पाउस’ लिहिलेला चालतो. पण शुद्धलेखनाच्या वहीत ‘ऊ’ दीर्घच, हे त्याच वेळी सांगून टाकावं.