चित्रसंक्षेप (संदेश ॲपमधील)

संदेश ॲपवरून छायाचित्र पाठवताना त्याची लांबी-रुंदी आणि बारीक तपशील कमी करून फाइल हलकी करण्याची प्रक्रिया. हे काम पाठवणाऱ्याच्या फोनवरच होते. पुढे तेच चित्र हातोहात फिरताना पुन्हा पुन्हा दाबले गेले की ते धूसर होते, कडांना भुरकट ठिपके येतात आणि रंग फिके पडतात.

फोनच्या कॅमेऱ्यातील ४००० × ३००० चे चित्र म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर मूळ माहिती ३६ एमबी भरते. कॅमेराच ती दाबून साधारण ३ ते ५ एमबीवर आणतो. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या दर्जात लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे चित्र १६०० × १२०० चे होते व फाइल बहुधा काही शे केबीत मावते. पाठवणाऱ्याचा डेटा, ॲपचा साठा आणि गटातील प्रत्येकाच्या फोनमधील जागा या तिन्हींची त्यात बचत होते. एक कारण सहसा सांगितले जात नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील मजकूर व चित्रे पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातात. सर्व्हरला चित्र दिसतच नसल्यामुळे घेणाऱ्याचा फोन पाहून लहान-मोठी प्रत करून देणे त्याला शक्य नसते. म्हणून सर्वांना चालेल अशी एकच प्रत आधीच करावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आला. तो मोठी प्रत पाठवतो, पण तीही दाबलेलीच असते.

या प्रक्रियेचा कणा असलेल्या जेपेग पद्धतीचा उगम कधीचा, याची उत्तरे वेगवेगळी मिळतात. ती तयार करणारी समिती १९८६ मध्ये स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस १९९२ ची, तर आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रकाशन १९९४ चे. बहुतेक अभ्यासक १९९२ धरतात व तेच अधिक ग्राह्य वाटते. तिच्या मुळाशी असलेले, चित्राला ठळक व बारीक चढउतारांच्या आकड्यांत मांडणारे कोसाइन रूपांतर नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी जानेवारी १९७४ च्या निबंधात मांडले. अहमद यांचा जन्म बंगळूरचा. ही कल्पना आपल्याला १९७२ च्या सुमारास सुचली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. मात्र मुद्रित पुरावा १९७४ चाच असल्याने ते साल देणे सुरक्षित. पुढे फॉर्जंट नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीने १९८७ च्या एका पेटंटच्या आधारे २००२ पासून जेपेगवर हक्क सांगितला आणि अनेक कंपन्यांकडून परवानाशुल्क घेतले. २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत त्यातील बरेच दावे प्राथमिक पातळीवर नाकारले आणि त्याच वर्षी खटले तडजोडीने मिटले. रूपांतराचे श्रेय त्या पेटंटकडे जात नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे.

जेपेगमध्ये चित्राची उजळता व रंग वेगळे केले जातात. मानवी डोळ्याला रंगाचे तपशील कमी कळतात, म्हणून बहुधा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते. मग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून कोसाइन रूपांतराने प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे काढतात. पहिला आकडा सरासरी उजेडाचा, पुढचे क्रमाने अधिकाधिक बारीक चढउतारांचे. प्रत्येक आकडा ठरलेल्या पायरीने भागून जवळच्या पूर्णांकावर आणला जातो. खरे नुकसान याच टप्प्यावर होते. समजा एक आकडा ३७ व पायरी १० आहे. भागाकार ३.७, तो झाला ४, म्हणजे परत उघडताना ४० मिळाले. शेजारचा आकडा ४ असेल तर त्याचे शून्य होते आणि तो तपशील कायमचा जातो. आता दुसऱ्या ॲपची पायरी १६ असेल, तर ४० चे २.५, म्हणजे ३, परत उघडल्यावर ४८. पुन्हा पहिल्या ॲपमध्ये ४८ चे ४.८, म्हणजे ५, आणि हाती ५०. मूळ ३७ चे दोन-तीन फेऱ्यांत ५० झाले. पायरी तीच व चौकोनही जागच्या जागी राहिले, तर मात्र ४० चे ४० च राहतात.

म्हणूनच ‘फॉरवर्ड केले की दर्जा घसरतो’ हे लोकप्रिय मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. व्हॉट्सॲपमध्ये चॅटमधूनच बाणाने पुढे पाठवलेले चित्र सामान्यतः पुन्हा दाबले जात नाही, आधी चढवलेलीच फाइल पुढे जाते. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ हा शिक्का दर्जाविषयी काहीच सांगत नाही. ऱ्हास होतो तो मधल्या हातांनी चित्र कापले, त्यावर दुकानाचे नाव टाकले, स्टेटसला ठेवले, दुसऱ्या ॲपमध्ये नेले किंवा स्क्रीनशॉट काढला की. अशा वेळी चौकोन सरकतात, पायरी बदलते किंवा पिक्सेल घटतात.

सोलापुरी चादरीच्या व्यवहारात हे ठळकपणे दिसते. समजा एका यंत्रमाग कारखान्याने ६० × ९० इंचांच्या चादरीचा फोटो परगावच्या पार्टीला पाठवायला घेतला. लांबीत ४००० पिक्सेल असताना दर इंचाला सुमारे ४४ पिक्सेल मिळतात. इंचात २० धागे धरले तर धाग्यामागे दोन पिक्सेल, वीण जेमतेम दिसते. १६०० वर आणल्यावर इंचाला १८ पिक्सेलही उरत नाहीत. धागा पिक्सेलपेक्षा बारीक झाला, की विणीऐवजी कापडात नसलेल्या लाटा उमटू शकतात. एजंटने १०८० × २४०० च्या पडद्यावर त्याचा स्क्रीनशॉट घेतला. आडवा फोटो पडद्यावर १०८० × ८१० एवढाच, वर-खाली काळे पट्टे. न कापता तो पाठवला तर ॲप २४०० ची लांब बाजू १६०० करते आणि चादर ७२० × ५४० मध्ये येते. आता इंचाला ८ पिक्सेल उरले, एका पिक्सेलात अडीच धागे. १ कोटी २० लाखांतून ४ लाखही उरले नाहीत, आणि त्यातला एकही टप्पा पाठवणाऱ्याला जाणवत नाही. जकार्डच्या नक्षीत काळ्यावर लाल फूल असेल तर त्याची कड आधी पसरते. लाल व काळा उजळतेत जवळ असल्याने कड मुख्यतः रंगाच्या नोंदीत असते आणि तीच चौपट विरळ केलेली असते. लग्नपत्रिकेच्या चित्रात अनुस्वार व रफार असेच आधी पुसट होतात.

आलेले चित्र तपासायचे तर गॅलरीत त्याचे तपशील उघडावे. लांब बाजू नेमकी १६०० असणे, कॅमेऱ्याचे नाव व वेळ गायब असणे आणि अँड्रॉइडवर `IMG-20240114-WA0007.jpg` असे `WA` असलेले नाव, या खुणा चित्र ॲपमधून आल्याच्या आहेत. मोठे करून पाहिल्यावर सपाट भागात चौकोन व अक्षरांभोवती ठिपक्यांची धूळ दिसते. पिक्सेल भरपूर पण धूळही दाट, असे असेल तर मधे कोणीतरी चित्र ताणून मोठे केले असण्याची शक्यता अधिक.

नमुना किंवा छपाईसाठीचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फाइल बाइटनबाइट तीच पोचते. मात्र त्यासोबत फोटो घेतल्याचे ठिकाण व वेळही, फोनमध्ये नोंद होत असल्यास, पोचते. घरातल्या मंडळींचे फोटो असे पाठवताना ती नोंद आधी काढून टाकावी.