व्याजमाफीच्या अर्जामागचा इतिहास : ‘कारण पटलं तर माफ’ ते ‘गटात बसलं तरच माफ’

यवतमाळ, वर्धा, वाशिमकडच्या व्यापाऱ्यांचे अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या, म्हणजे आगाऊ कराच्या, व्याजमाफीचे अर्ज पाहिले की बहुतेकांचा सूर एकच दिसतो. पाऊस लांबला, जिनिंगवाल्याने पैसे अडकवले, घरी आजारपण होतं, म्हणून उशीर झाला. तरी व्याज व दंड माफ करावा, सोबत चलने जोडली आहेत. कारणं बहुधा खरीच असतात. अर्जाची भाषा मात्र 1989 च्या आधीची आहे, आणि तो नामंजूर होण्याचं निम्मं कारण तिथेच सापडतं.

आगाऊ कराची पद्धत आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1944 साली 1922 च्या आयकर कायद्यात कलम 18अ घातलं गेलं आणि वर्ष संपण्याची वाट न पाहता, कमाई होत असतानाच कर भरायचा, असं ठरलं. 1961 च्या कायद्याने ही पद्धत पुढे चालवली. हप्ता कमी पडला तर कलम 215 खाली व्याज लागे आणि अंदाज खोटा दिल्याचं सिद्ध झालं तर कलम 273 खाली वेगळा दंड. पण त्याच कायद्यात माफीचं दारही होतं. नियम 40 मध्ये व्याज कमी किंवा माफ करण्याच्या परिस्थिती दिल्या होत्या. करदात्याची चूक नसताना आकारणी रखडली, ही त्यातली एक. शेवटची परिस्थिती तर अगदी मोकळी होती : वरिष्ठ अधिकाऱ्याला माफी योग्य वाटेल असं कोणतंही प्रकरण. म्हणजे अधिकाऱ्यासमोर बसून अडचण सांगण्याला तेव्हा अर्थ होता.

हे दार 1987 च्या दुरुस्ती कायद्याने बंद केलं. 1989-90 या आकारणी वर्षापासून 234अ, 234ब आणि 234क ही कलमं लागू झाली. विवरणपत्राला उशीर झाला तर पहिलं, 31 मार्चपर्यंत 90 टक्के कर भरला नसेल तर दुसरं, आणि वर्षातला एखादा हप्ता कमी पडला तर तिसरं. तिन्ही ठिकाणी व्याज ‘द्यावे लागेल’ अशीच भाषा आहे, अधिकाऱ्याच्या मर्जीचा उल्लेख नाही. अंजुम घासवाला प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं : हे व्याज अनिवार्य आहे आणि समझोता आयोगालाही ते स्वतःच्या अधिकारात माफ करता येणार नाही. एक फट तेवढी उरली, कलम 119 खाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने काढलेल्या आदेशांची.

माफीची आजची वाट त्याच फटीतून जाते. मंडळाने मे 1996 मध्ये आदेश काढला आणि 26 जून 2006 च्या आदेशाने तो नव्याने मांडला. त्यात माफीचे ठरावीक गट आहेत आणि अधिकार मुख्य आयुक्तांना किंवा महासंचालकांना आहे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला नाही. छाप्यात वह्या किंवा रोकड जप्त झाली, न्यायालयाच्या निकालामुळे करमुक्त समजलेलं उत्पन्न पुढे करपात्र ठरलं, टाळता न येणाऱ्या कारणाने विवरणपत्र राहून गेलं, असे ते गट. आपल्या भागातल्या लहान व्यापाऱ्याच्या उपयोगाचा गट बहुधा एकच : भांडवली नफा सोडून असं उत्पन्न, जे हप्त्याची तारीख उलटल्यावर मिळालं किंवा उपार्जित झालं, ज्याची आधी कल्पना नव्हती, आणि जे मिळाल्यावर त्यावरचा आगाऊ कर भरला गेला. हा गटही फक्त 234क च्या व्याजापुरता आहे.

राळेगावचा एक कापूस व्यापारी धरू. उदाहरण कल्पित आहे, हिशेब मात्र खऱ्या नियमांचा. 2024-25 साली टीडीएस वजा जाता त्याचा अंदाजे कर 3,00,000 रुपये. त्याने जूनमध्ये 15 टक्के, सप्टेंबरपर्यंत 45 आणि डिसेंबरपर्यंत 75 टक्के, म्हणजे एकूण 2,25,000 रुपये वेळेत भरले. एका मिलकडे थकलेल्या रकमेचा दावा वर्षानुवर्षं चालू होता आणि मिल व्याजाचं देणंच नाकारत होती. जानेवारी 2025 मध्ये निकाल लागला आणि त्याच महिन्यात व्याजाचे 6,00,000 रुपये मिळाले. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने उपकरासह कर 1,87,200 होतो. मिलने 60,000 टीडीएस कापला, उरले 1,27,200. ही रक्कम आणि स्वतःचा शेवटचा हप्ता 75,000, दोन्ही त्याने 12 मार्चला भरले.

कर पूर्ण भरला, तोही 15 मार्चच्या आत. तरी व्याज लागतंच, कारण 234क मागे वळून पाहतं. एकूण कर आता 4,27,200 धरला जातो आणि जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते अनुक्रमे 19,080, 57,240 आणि 95,400 रुपयांनी कमी ठरतात. प्रत्येकावर दरमहा 1 टक्का, तीन महिने. शंभराखालची रक्कम सोडून हिशेब केला तर 570, 1,716 आणि 2,862, मिळून 5,148 रुपये.

इथे चलनं खरं काम करतात. तीन वेळेवरची चलनं दाखवतात की माहीत असलेल्या उत्पन्नावर हा माणूस चुकला नव्हता. 12 मार्चचं चलन दाखवतं की पैसा हातात आल्यावर कर लगेच गेला. शेजारी निकालाची प्रत आणि पैसे जमा झाल्याचा बँकेचा उतारा ठेवला की तारखांचा क्रम आपोआप उभा राहतो, दयायाचनेची गरज उरत नाही. चलनावर आकारणी वर्ष 2025-26 आणि आगाऊ कराचा संकेतांक 100 आहे का, हे आधी बघावं. घाईत 300 निवडला गेला तर तीच रक्कम स्वयंआकारणी कर म्हणून दिसते. मग आधी चलन दुरुस्ती, नंतर माफीचा अर्ज. विवरणपत्र दाखल झालेलं आणि मूळ कर पूर्ण भरलेला असणं ही आदेशाचीच अट आहे.

अधिकारी एक अवघड प्रश्न विचारू शकतात : दावा तुम्हीच लावला होता, मग उत्पन्नाची कल्पना नव्हती कशी? त्यासाठी मिलचा नकार असलेली कैफियत अर्जाला जोडावी. उलट फेब्रुवारीत कापसाचे भाव चढले आणि साठ्यावर नफा वाढला, हे कारण माझ्या मते या गटात टिकणं कठीण. भावाची चढउतार हा धंद्याचाच भाग आहे.

‘दंड माफ करा’ ही ओळ तर काढूनच टाकावी. हप्ता उशिरा भरला म्हणून वेगळा दंड आज लागत नाही. कलम 273 चा तो दंड 1988-89 च्या आकारणी वर्षापर्यंतच होता. मागणी नोटीस येऊनही कर थकवला तर कलम 221 खाली दंड होऊ शकतो, पण ते प्रकरण वेगळं. नोटिशीनंतरचं 220(2) चं व्याज हेही निराळं. त्यात खऱ्या हलाखीचा मुद्दा ऐकला जातो, आणि गावाकडच्या अर्जांत या दोन व्याजांची सरमिसळ फार होते.

2020 च्या टाळेबंदीतही सरकारने हे व्याज सरसकट माफ केलं नव्हतं. 20 मार्च ते 29 जून या काळात देय असलेला कर जूनअखेर भरणाऱ्यांना दर तेवढा दरमहा 0.75 टक्क्यावर आणून दिला.

राळेगावच्या माणसाला 5,148 रुपयांसाठी नागपूरला मुख्य आयुक्तांकडे अर्ज, सीएची फी आणि वर्ष-वर्ष वाट पाहणं परवडेल का, हा हिशेब त्याचा त्याने करावा. निकालाची रक्कम साठ लाखांची असती तर मी अर्ज नक्की करायला सांगितला असता.