पॅचवरचा आकडा नेमका कशाचा? पाकीट आणि पाठीवरच्या छपाईची पार्श्वभूमी

औषधी पॅचच्या पाकिटावर सहसा तीन आकडे असतात: आत एकूण औषध किती, त्यातले ताशी किंवा दिवसाला अंगात किती जाते, आणि पॅच किती वेळ ठेवायचा. तिन्ही खरेच असतात. यातल्या कोणत्या आकड्याला 'ताकद' म्हणायचे हे मात्र पॅच बाजारात आल्यावर बऱ्याच वर्षांनी ठरले. जुन्या कागदांवर आणि बोलण्यात तर ते अजूनही पुरते ठरलेले नाही.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९७९ साली अमेरिकेत पहिल्या पॅचला परवानगी मिळाली. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायचा, तीन दिवस चालणारा स्कोपोलामिनचा तो पॅच एकाच ताकदीचा होता, त्यामुळे आकड्यावरून घोळ व्हायला जागा नव्हती. १९८१ मध्ये छातीदुखीवरचे नायट्रोग्लिसरिनचे पॅच आले आणि एकाच औषधाचे निरनिराळे पॅच शेजारी शेजारी विकले जाऊ लागले. दिवसभरात पाच मिलिग्रॅमच्या आसपास औषध सोडणारा पॅच एका बनावटीत २५ मिलिग्रॅम भरून येई. आज त्याच दराचे दुसऱ्या बनावटींचे पॅच ४० किंवा १८ मिलिग्रॅम भरलेले दिसतात. गोळीच्या सवयीने वाचणाऱ्याला ४० चा पॅच १८ च्या दुपटीहून जोरदार वाटेल. प्रत्यक्षात दोन्हींतून अंगात जाते ते सारखेच. पॅचमधून औषध त्वचेत ढकलले जाते ते आत उरलेल्या साठ्याच्या जोरावर, म्हणून साठा गरजेपेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. किती जास्त, हे चिकट थर आणि बनावट यांवर ठरते. त्यामुळे भरलेले औषध ही ताकद होऊ शकत नाही, ताशी सुटणारे औषधच ताकद, असा संकेत हळूहळू रूढ झाला.

याच पॅचने वेळेबाबतही एक फसवा शब्द मागे ठेवला. त्याचा दर '२४ तासांत ५ मिलिग्रॅम' असा छापला जाई, म्हणून लोक तो २४ तास लावून ठेवत. पॅच सतत अंगावर राहिला तर शरीराला सवय होते आणि गुण येईनासा होतो, हे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. तेव्हापासून तो दिवसाला १२ ते १४ तास लावून उरलेला वेळ काढून ठेवायला सांगतात. पाकिटावरचे '२४ तास' तरीही अनेक ठिकाणी तसेच आहेत. हे दर मोजायचे तास आहेत, पॅच अंगावर ठेवायचे नव्हेत. हा फरक पाकीट सांगत नाही, माहितीपत्रक सांगते. ते खोक्यात राहते आणि खोका दुकानात.

सर्वांत मोठा गुंता बुप्रेनॉर्फिनचा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. दीर्घकाळच्या दुखण्यावरच्या या औषधाचे दोन घराण्यांचे पॅच आहेत. युरोपात २००१ च्या सुमारास आलेले पॅच ताशी ३५, ५२.५ आणि ७० मायक्रोग्रॅमचे असून ते चार दिवसांपर्यंत, म्हणजे ९६ तासांपर्यंत ठेवतात. नंतर आलेले पॅच ताशी ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमचे, सात दिवसांचे. आपल्याकडे ओळखीचे आहेत ते हेच. दुसऱ्या घराण्यात एक योगायोग आहे. ताशी ५ मायक्रोग्रॅमच्या पॅचमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते, १० मध्ये १०, २० मध्ये २०. आकडा तोच, एकक वेगळे. त्यामुळे चिठ्ठीवर कुणी '२० मिलिग्रॅमचा पॅच' लिहिले तरी औषधविक्रेता मनातल्या मनात 'ताशी २०' वाचून योग्य पॅच देतो. चूक बेमालूम खपते आणि वर्षानुवर्षे खपत राहते.

ती उघडी पडते पहिल्या, चार दिवसांच्या घराण्याशी गाठ पडली की. तिथे ताशी ३५ मायक्रोग्रॅमच्या पॅचमध्येही २० मिलिग्रॅमच भरलेले असते. क्षेत्रफळही तेच, २५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे भरलेले औषध सारखे, आकार सारखा आणि ताकद एकाची २०, दुसऱ्याची ३५. वहीवर गुणाकार करून पाहिला की उलगडा होतो. ३५ गुणिले ९६ तास म्हणजे ३,३६० मायक्रोग्रॅम. २० गुणिले १६८ तास म्हणजेही ३,३६०. पूर्ण मुदतीत दोन्ही पॅच ३.३६ मिलिग्रॅमच सोडतात असे लेबल म्हणते. बदलतो तो भागाकार. म्हणजे छापलेला दर हा ठेवायच्या मुदतीशी जखडलेला असतो. मुदत न सांगता सांगितलेला दर अर्धाच आकडा आहे.

इंग्लंडहून परतलेल्या एका काकूंचा मुलगा एकदा आमच्या काउंटरवर रिकामे पाकीट घेऊन आला होता. पाकीट आडवे फाडलेले होते आणि नेमकी दराची ओळ गेली होती. उरलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव आणि '२० मिलिग्रॅम' एवढेच. "हाच द्या, आईचे संपलेत," तो म्हणाला. आमच्या कपाटात ताशी २० चा, सात दिवसांचा पॅच होता आणि त्याच्या पाकिटावरही २० मिलिग्रॅम होते. मी विचारले, आई पॅच कोणत्या वारी बदलतात? तो म्हणाला, "सोमवारी आणि गुरुवारी." आठवड्यातून दोनदा म्हटल्यावर हा सात दिवसांचा पॅच नव्हेच. इथला दिला असता आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आठवडाभर ठेवला असता, तर ताशी ३५ वरून काकू २० वर आल्या असत्या. सगळ्यांनी दोष मात्र दुखणे वाढल्याला दिला असता. उलट अदलाबदल याहून घातक. सात दिवसांच्या ५ किंवा १० च्या पॅचवर असलेल्याला ३५ चा लागला तर गुंगी येते, श्वास मंदावतो. त्या दिवशी पॅच न देता डॉक्टरांना फोन लावला आणि वेदनाशमन केंद्राने नव्याने हिशेब करून दिला. ब्रिटनमध्ये अशा पॅचची चिठ्ठी ब्रँडच्या नावाने आणि बदलायच्या कालावधीसह लिहावी असे सांगितले जाते, ते याचमुळे. कंपनीचे नाव लिहायला आपल्याकडे नाके मुरडतात, पण पॅचच्या बाबतीत मला ते पटते.

फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाची गोष्ट आकड्यापुरती सरळ आहे, कारण जवळपास सगळे पॅच ७२ तासांचे. अमेरिकेत १९९० मध्ये ताशी २५, ५०, ७५ आणि १०० मायक्रोग्रॅमचे आले. पुढे सर्वांत लहान पॅच आला तो खरे तर ताशी १२.५ चा. त्यावर छापतात मात्र १२. बिंदू नजरेतून निसटला तर १२.५ चे १२५ होतात, आणि १२५ हा डोस दोन पॅच लावून खरोखरच देता येतो. मूळ बनावटीत १२ नारिंगी, २५ लाल, ५० हिरवा, ७५ निळा आणि १०० राखाडी असे रंग होते. नक्कल बनावटींवर ते बंधन नाही, म्हणून रंगावरून ओळखायला जाऊ नये.

फेंटानिलमध्ये वाद झाला तो पाठीचा. पाठ म्हणजे पॅच लावल्यावर हवेकडे राहणारी बाजू. पॅच दिसू नये, कपड्याआडून कळू नये हा विक्रीचा मुद्दा होता, म्हणून पाठ पारदर्शक किंवा कातडीच्या रंगाची आणि छपाई फिकट. घामाने, आंघोळीने तीही पुसट व्हायची. निसटलेला पॅच चादरीवर, जमिनीवर दिसेना. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पंधरा वर्षांतल्या नोंदी मांडल्या: लहान मुलांच्या अंगाला किंवा तोंडात फेंटानिल पॅच गेल्याच्या २६ घटना, त्यांत १० मृत्यू. निम्म्याहून जास्त मुले दोन वर्षांची किंवा त्याहून लहान. वापरलेला पॅच संपलेला नसतो. ताशी २५ च्या सध्याच्या मूळ बनावटीत ४.२ मिलिग्रॅम असतात. ७२ तासांत त्यातले १.८ गेले तरी २.४ चिकटूनच असतात. २०१३ मध्ये तिथे आदेश निघाला की औषधाचे नाव आणि ताकद पाठीवर टिकाऊ शाईत, ठळक दिसेल अशा रंगात छापावी. पुढच्या वर्षी युरोपातही छपाई ठळक करायला सांगितले गेले. माझ्या मते हे वीस वर्षे आधी व्हायला हवे होते. त्यासाठी वेगळे शास्त्र लागत नव्हते, शाई लागत होती. आणि मुदत पाठीवर आजही सहसा नसतेच.

पाठीने लपवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे धातू. काही पॅचच्या पाठीत ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो वरून दिसेलच असे नाही. एमआरआयमध्ये तो तापून त्वचा भाजते. काही पॅचच्या पाकिटावर ही सूचना नव्हतीच, हे २००९ मध्ये उघड झाले.

आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर फेंटानिलसारखी औषधे मान्यताप्राप्त संस्थांना तुलनेने सोप्या वाटेने मिळू लागली आणि पॅच जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले. खोका फोडून एक एक पाकीट देण्याची आपली सवयही त्यांच्याबरोबर पोहोचली. पाकीट फाडताना हमखास छापील कड जाते. म्हणून आम्ही सांगतो की पाकीट छपाई नसलेल्या बाजूने कापा आणि पॅच अंगावर आहे तोवर जपून ठेवा. लावल्याची तारीख, वेळ शेजारी चिकटपट्टीवर लिहा, पॅचवर बॉलपेन दाबून नको. अंगावर अनोळखी पॅच दिसला तर पाठ उजेडात तिरकी धरून वाचतात: आधी नाव, मग आकडा, मग त्या आकड्यामागचे एकक. एकक मिलिग्रॅम असेल आणि 'तासाला' किंवा '२४ तासांत' असे काही नसेल, तर ती ताकद नव्हे. नाव वाचता येत नसेल तर आकारावरून अंदाज करत नाहीत. रुग्ण गुंगीत असेल किंवा श्वास मंद असेल तर पॅच काढून चिकट बाजू आत घडी करतात, डबीत ठेवतात आणि डबी रुग्णाबरोबर दवाखान्यात पाठवतात.