श्रावण आधी कोणाचा? अमान्त आणि पूर्णिमान्त महिन्यांची गोष्ट

ऐरोली किंवा कळव्यातल्या एखाद्या सोसायटीत २०२५ च्या जुलैत एकाच मजल्यावर दोन वेगवेगळे श्रावण चालू होते. मूळच्या उत्तर प्रदेशातल्या कुटुंबाचा पहिला सावन सोमवार १४ जुलैला झाला. शेजारच्या मराठी घरात मात्र २४ जुलैच्या अमावस्येपर्यंत आषाढच होता. गटारीची तयारी सुरू होती, मटणाच्या दुकानासमोर रांग लावायची होती, आणि त्यांचा पहिला श्रावणी सोमवार यायचा होता २८ जुलैला. दोघांचीही पंचांगं बरोबर होती. चंद्रही एकच होता.

फरक आहे तो महिना कुठे संपवायचा एवढ्यापुरताच. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात महिना अमावस्येला संपतो, म्हणून तो अमान्त. त्यात आधी शुक्ल पक्ष येतो आणि मागून वद्य. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या पट्ट्यात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तो पूर्णिमान्त. तिथे आधी कृष्ण पक्ष, मग शुक्ल. (तमिळनाडू आणि केरळात सौर महिने चालतात, त्यामुळे ‘दक्षिणेत अमान्त’ असं सरसकट म्हणणं ढोबळच आहे.)

महिन्याला नाव मिळतं ते मुळात पौर्णिमेवरून. ज्या पौर्णिमेला चंद्र श्रवण नक्षत्राच्या आसपास असतो ती श्रावणी पौर्णिमा. ही पौर्णिमा दोन्ही पद्धतींना मान्य आहे, आणि तिच्या आधीचा चढता पंधरवडा श्रावण शुक्ल, यातही वाद नाही. वाद आहे तो उतरत्या पंधरवड्याचा. आपण तो पौर्णिमेनंतरचा घेतो, उत्तरेत पौर्णिमेआधीचा. म्हणून शुक्ल पक्षातल्या सणांची नावं कुठेही बदलत नाहीत. गणेश चतुर्थी सगळीकडे भाद्रपदातच, दसरा आश्विनातच, रक्षाबंधन श्रावणी पौर्णिमेलाच. वद्यातल्या सणांचं मात्र महिन्याचं नाव एका घराने पुढे सरकतं. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, तिकडे ती फाल्गुन कृष्णातली. लक्ष्मीपूजन आपल्याकडे आश्विनाच्या अमावस्येला, तिकडे कार्तिकाच्या. दिवस तोच, रात्र तीच.

गोकुळाष्टमी घेऊन हे नीट बघू. २०२५ मध्ये श्रावणी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती. तिच्यानंतरची अष्टमी १५ ऑगस्टच्या रात्री बाराच्या जरा आधी लागली आणि १६ ऑगस्टच्या रात्री संपली. ठाण्यात १६ तारखेला दहीहंड्या फुटल्या. मराठी पंचांगात हा दिवस श्रावण वद्य अष्टमीचा होता, हिंदी पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमीचा. आता समजा, कोणी मराठी माणूस मोबाइलवरच्या हिंदी पंचांगात ‘श्रावण कृष्ण अष्टमी’ शोधत बसला. त्याला ती सापडेल, पण १८ जुलैला! पंचांग चुकलेलं नसतं. आपण नाव आपल्या पद्धतीचं आणि पान त्यांच्या पद्धतीचं घेतलेलं असतं.

अशी गफलत झाली आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. चुकलेली तारीख नेहमी एका चांद्रमासाने, म्हणजे २९ किंवा ३० दिवसांनी हुकते, पंधरा दिवसांनी नाही. आणि २९-३० दिवस म्हणजे चार आठवडे अधिक एखाददुसरा दिवस, त्यामुळे वारही बदलतो. १८ जुलै शुक्रवार होता, १६ ऑगस्ट शनिवार. जुन्या कागदावर तिथीबरोबर वार लिहिलेला असेल, तर तो कागद कोणत्या पद्धतीचा हे बहुतेक वेळा वारावरूनच ठरवता येतं. दोन्ही तारखा काढायच्या आणि कोणत्या तारखेला वार जुळतो ते बघायचं. शिलालेख आणि ताम्रपटांच्या तारखा जुळवतानाही हीच युक्ती वापरतात. मात्र शुक्ल पक्षातल्या तिथीला ही कसोटी लावण्यात अर्थ नाही, तिथे दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक होते ती श्राद्धाच्या तिथीत. ११ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी कोणाचं निधन झालं, तर आपल्याकडे ती तिथी भाद्रपद वद्य पंचमी. वर्षश्राद्ध काशीला किंवा प्रयागला करायचं ठरलं आणि तिथल्या पंडितजींना फोनवर नुसतं ‘भाद्रपद कृष्ण पंचमी’ सांगितलं, तर ते आपल्या हिशेबाने महिनाभर आधीचा दिवस काढतील. त्यांच्या भाषेत ती तिथी आश्विन कृष्ण पंचमी आहे, आणि आपला सगळा पितृपक्षच त्यांच्याकडे आश्विनात येतो. त्यामुळे तिथीबरोबर इंग्रजी तारीख आणि जमल्यास वेळही सांगावी. रूपांतर करायचंच असेल, तर आधी पक्ष बघावा. शुक्ल असेल तर हात लावायचा नाही. वद्य असेल तर मराठी महिन्याच्या पुढचं नाव हिंदीत येतं, आणि हिंदीतून मराठीत येताना मागचं. तिथीचा आकडा कधीच बदलत नाही.

सगळे फरक या एका नियमाने सुटतात, असं मात्र नाही. वटसावित्रीचं उदाहरण उलटं आहे. उत्तरेत हे व्रत ज्येष्ठ अमावस्येला करतात, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. महिन्याचं नाव दोन्हीकडे ज्येष्ठच, पण दिवस वेगळे: २०२५ मध्ये २६ मे आणि १० जून. उत्तरेतली ती ज्येष्ठ अमावस्या आपल्या पंचांगात वैशाखाची अमावस्या असते. म्हणजे इथे नुसतं लेबल वेगळं नाही, मूळ तिथीच निराळी आहे. श्रावणी सोमवारांचंही तसंच. ते तिथीवर नाही, तर महिन्याच्या नावावर ठरतात, म्हणून महिन्याची सीमा सरकली की व्रतही सरकतं.

अधिक महिना आला की हा प्रकार आणखी रंगतो. अधिक मास दोन्हीकडे अमान्त हिशेबानेच ठरतो: एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. २०२३ मध्ये सूर्य कर्केत गेला १७ जुलैच्या पहाटे आणि अमावस्या संपली त्याच मध्यरात्री. पुढची अमावस्या १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास संपली, आणि सूर्य सिंहेत शिरला १७ ऑगस्टच्या दुपारी. दोन्ही बाजूंना एका दिवसापेक्षाही कमी अंतराने संक्रांत हुकली, आणि मधला महिना अधिक श्रावण झाला.

आपल्याकडे ही मांडणी सरळ बसते. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण, १७ ऑगस्टपासून १५ सप्टेंबरपर्यंत निज श्रावण, सोमवार चार. उत्तरेत मात्र निज श्रावणाचा कृष्ण पक्ष ४ जुलैलाच सुरू झालेला होता. त्याच्या पोटात संपूर्ण अधिक महिना शिरला आणि निज शुक्ल पक्ष त्यानंतर आला. सँडविचसारखी ही रचना झाल्यामुळे तिकडचा सावन ३१ ऑगस्टपर्यंत एकोणसाठ दिवस चालला आणि त्यात आठ सोमवार आले. तरीही श्रावणी पौर्णिमा दोघांचीही तीच होती, आणि त्यानंतर आठवड्याभराने दहीहंडीही सगळ्यांची एकाच दिवशी, ७ सप्टेंबरला फुटली. त्या दिवशी मराठी कॅलेंडरात श्रावण चालू होता, हिंदी कॅलेंडरात तो आठवडाभरापूर्वीच संपला होता.